ड्राइव्ह घेण्याआधी एक गुणाकार

'व्हिडिओ साठवायला ४ टीबीची ड्राइव्ह पुरेल का?' या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच फाइलमध्ये आहे. नेहमीच्या सेटिंगवर शूट केलेली एखादी लांब फाइल MediaInfo या फाइलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा आणि `Overall bit rate` बघा. हा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती डेटा साठतो तो आकडा, मेगाबिटमध्ये असतो, मेगाबाइटमध्ये नाही. नवखे इथेच फसतात आणि हिशोब आठपट चुकतो.

एक मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने तासभरात ४५० एमबी होतात. म्हणून सूत्र इतकंच:

```
Mbps × 0.45 = GB/तास
```

समजा तुमचा 4K व्हिडिओ ५० Mbps चा आहे. म्हणजे तासाला २२.५ जीबी. आठवड्याला दोन तास शूट केलं तर ४५ जीबी, आणि वर्षाला सुमारे २.३४ टीबी. दोन वर्षांत ४.७ टीबी होतात, तेव्हा ४ टीबीचा विचार सोडा आणि ६ घ्या. काठोकाठ भरलेली ड्राइव्ह मंदावते, म्हणून पाचवा हिस्सा मोकळा ठेवायचा.

६ टीबीची ड्राइव्ह विंडोजमध्ये ५.४५ दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नाही. ड्राइव्ह बनवणारी कंपनी हजाराने भागते, विंडोज १०२४ ने.

बिटरेट बदलता असेल तर एका फाइलवर विसंबू नका. स्थिर खुर्चीवरची मुलाखत कमी जागा खाते, पावसातली हलती झाडं भरपूर. पाच-सहा वेगवेगळ्या फाइलींचे जीबी आणि मिनिटं बेरीज करून भागा, सरासरी खरी निघते. आणि बॅकअपसाठी तेवढीच दुसरी ड्राइव्ह लागेल, ती बजेटमध्ये आत्ताच धरा.