जीडीत पहिलं बोलू नका
«फायनल इयरला आहे, ऑगस्टपासून कंपन्या येतील. ॲप्टिट्यूड आणि जीडीची तयारी कशी करू? क्लास लावू का? माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमातून झालंय, इंग्रजीची भीती वाटते.»

शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो, नाहीतर या प्रश्नावर ढिगानं उत्तरं पडली आहेत.

आमचे टीपीओ सर प्रत्येक बॅचला एकच मंत्र द्यायचे. जीडीत पहिला बोलेल त्याला मार्क, आणि मराठी मीडियमवाल्यांनी तर पहिलंच बोलावं, नंतर संधी मिळत नाही. मी ते ब्रह्मवाक्य मानलं. सेमिनार हॉलमध्ये आम्ही १० जण गोल बसलेलो. विषय होता, शहरात खासगी गाड्यांवर बंदी घालावी का. विचार करायला २ मिनिटं आणि बोलायला १२. 'स्टार्ट' म्हणायच्या आत मी सुरू, 'गुड मॉर्निंग फ्रेंड्स, टुडेज टॉपिक इज...' पाठ केलेली सुरुवात संपली आणि पुढे डोक्यात काहीच नव्हतं. प्रदूषण वाढतंय एवढं म्हणून थांबलो. मग जे सहा-सात जण एकदम बोलायला लागले, त्यात मीही 'एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी' करत घुसत राहिलो. सहा वेळा बोललो. पॅनेलमधल्या मॅडम माझ्या नंबरापुढे टिकमार्क करताना दिसत होत्या, त्यामुळे मी मनातल्या मनात पेढे वाटले.

माझ्या समोर मेकॅनिकलची एक मुलगी होती. पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली (इंग्रजीत, आणि 'पीपल्स' वगैरे करत), 'आपण सगळे बंदी बंदी म्हणतोय, पण कुठे? पूर्ण शहरात की फक्त बाजारपेठेत? नंबर ७ म्हणाले बस कमी आहेत, मग बस वाढेपर्यंत बंदी फक्त बाजारात ठेवली तर?' पुढची सगळी चर्चा त्या 'कुठे'वरच झाली. ती एकूण दोनदा बोलली. तिचं झालं, माझं नाही.

कारण मला चार वर्षांनी कळलं, कंपनीनं मलाच एका कॉलेजात पॅनेलवर पाठवलं तेव्हा. आमच्या कागदावर किती वेळा बोलला याच्या खुणा होत्या, पण त्या फक्त कोणी अगदीच गप्प बसलं का हे बघायला. खरा रकाना पुढचा होता: दुसऱ्याचा मुद्दा पकडून पुढे नेला का. १२ मिनिटं आणि १० माणसं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा मिनिटही येत नाही. सहा वेळा घुसणारा दुसऱ्यांचा वेळ खातो, हे समोर बसलं की लगेच दिसतं. व्याकरणासाठी मी एकालाही काढलं नाही. काय म्हणायचंय तेच कळेना म्हणून मात्र काढलं.

तेव्हा होस्टेलच्या खोलीत सहा जण बसा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि नंतर ऐकताना एकच मोजा: तुमच्या किती वाक्यांत दुसऱ्या कुणाचा मुद्दा आला. पहिल्या वेळी बहुधा शून्य येईल.

ॲप्टिट्यूडमध्ये मराठी माध्यमाचा उलट फायदाच आहे. अ एक काम १२ दिवसांत करतो, ब १८ दिवसांत. ४ दिवस दोघं मिळून करतात, मग अ सोडून जातो, उरलेलं काम ब किती दिवसांत करेल? क्लासवाली पोरं एक छेद बारा अधिक एक छेद अठरा करत बसतात. स्कॉलरशिपच्या परीक्षेतला लसावि आठवा: ३६. काम ३६ विटांचं समजा. अ रोज ३ विटा रचतो, ब २. चार दिवसांत २० झाल्या, १६ उरल्या, ब ला ८ दिवस. अपूर्णांक लागलाच नाही. गाळात घालते ती वेळ. मॉक टेस्ट दिल्यावर बरोबर किती आले हे नंतर बघा, आधी कोणत्या प्रश्नात दोन मिनिटांच्या वर अडकलात ते लिहून काढा. तसे प्रश्न पेपरात सोडायला शिकणं हीच निम्मी तयारी. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक विभागाचा कटऑफ वेगळा असतो. गणितात पैकीच्या पैकी आणि व्हर्बलमध्ये गचके, तरी बाहेर.

निगेटिव्ह मार्किंग आहे का ते सूचनांत आधी वाचा; नसेल तर एकही प्रश्न कोरा ठेवू नका. आणि हो, बऱ्याच आयटी कंपन्या जीडी घेतच नाहीत, त्याऐवजी कोडिंग असतं, तेव्हा कोण येणार आहे हे सीनियर्सना विचारूनच कामाला लागा. पहिलं बोलण्याबद्दल, खरोखर मुद्दा असेल तर बोला की, कोण अडवतंय. क्लास नको. मी लावला होता, तिथेही 'पहिलं बोला'च शिकवत होते.

सरांचा अजून दरवर्षी मेसेज येतो, माजी विद्यार्थी म्हणून मार्गदर्शनाला या. यंदाचा विषय: जीडीची सुरुवात कशी करावी.