रिस्क रजिस्टर पहिल्यांदा भरताय? मग एवढंच पाहा

तुमच्या रजिस्टरमध्ये ट्रिगरपुढे ‘काँक्रीट उशिरा आलं तर’ असं लिहिलंय. उशिरा म्हणजे किती? इथेच नवखे चुकतात. स्लॅबचंच उदाहरण घ्या.

दोन मिक्सर गाड्यांमधलं अंतर वीस मिनिटांवरून तीसवर गेलं, की ती पूर्वसूचना. अजून काही बिघडलेलं नसतं. फक्त प्लँटला फोन करायचा आणि नजर ठेवायची. पंचेचाळीस मिनिटं गाडीच आली नाही, तर तो ट्रिगर. (आकडा उन्हाप्रमाणे आणि मिक्सप्रमाणे बदलतो, इंजिनियरकडून ठरवून घ्या.) आता चर्चा नको, आकस्मिक योजना सुरू: आधीच बोलून ठेवलेल्या दुसऱ्या प्लँटकडून तोच ग्रेड मागवायचा.

तिथूनही गाडी निघाली नाही तर? तेव्हाच फॉलबॅक: स्ट्रक्चरल इंजिनियरने आधी आखून दिलेल्या जागी बांधकाम सांधा घेऊन ओतकाम थांबवायचं. नाहीतर जुनं-नवं काँक्रीट एकजीव न होता भलत्याच जागी कोल्ड जॉइंट पडतो आणि पावसाळ्यात तिथूनच गळतं.

बरेच जण ‘दुसरा प्लँट’ आणि ‘तिसरा प्लँट’ लिहून तिसऱ्याला फॉलबॅक म्हणतात. शहरभर ट्रॅफिक तुंबलं की दोन्ही एकदमच बुडतात.

आणि घड्याळ कोण बघणार, त्याचं नाव आजच लिहा.