शिफ्ट सुरू होतानाची पाच मिनिटं

सुपरवायझर झालात, अभिनंदन. मीटिंग ऑफिसात नको. लाइनच्या बोर्डापाशी, उभ्याउभ्याच घ्या. क्रम रोज हाच:

१. सेफ्टी. नुसतं "काळजी घ्या" कोणी ऐकत नाही. आजची एकच गोष्ट सांगा: "तीन नंबर प्रेसपाशी तेल सांडलंय, पुसेपर्यंत तिकडून ट्रॉली नेऊ नका."

२. टार्गेट तासाचं सांगा. ९०० नग आणि चहा-जेवण वगळून साडेसात तास, म्हणजे तासाला १२०. सातची शिफ्ट असेल तर मागे पडलोय हे नऊलाच कळतं.

३. अडचणी. "काही प्रॉब्लेम?" म्हटलं की सगळे नकारार्थी माना हलवतात. एकेकाला नाव घेऊन विचारा: "काल डाय बदलायला एवढा वेळ का लागला?"

मी सुरुवातीला तिथेच उपाय शोधत बसायचो. वीस मिनिटं गेली आणि मशीन तोवर बंद! आता बोर्डावर फक्त अडचण, कोणाकडे दिली आणि किती वाजेपर्यंत, एवढंच लिहितो. बाकीचं नंतर, संबंधित माणसाशी.

दुसऱ्या दिवशी मात्र त्या ओळीचं काय झालं ते सांगाच. काम झालं नसेल तर तेही सांगा. नाहीतर चौथ्या दिवसापासून कोणी तोंड उघडत नाही.