दुसऱ्यांदा होणारा डेंगू आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

"तीन वर्षांपूर्वी मला डेंगू झाला होता, आता पुन्हा झालाय. दुसऱ्यांदा झाला की जिवावर बेततं, असं सगळे म्हणतात. एकदा होऊन गेल्यावर शरीर तयार व्हायला हवं ना? मग माझी प्रतिकारशक्तीच कमी पडतेय का?"

नाही, ताई, प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही. ती आहे, पण यावेळी ती अर्धवट उपयोगी पडते आहे, आणि धोका त्या अर्धवटपणातून येतो. तापाच्या रुग्णांशी बोलताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो, म्हणून या ताईंना जे सांगितले ते इथे सविस्तर लिहितो.

डेंगूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग झाला की त्या प्रकारापासून बहुधा आयुष्यभर संरक्षण मिळते. उरलेल्या तिघांपासूनही काही महिने थोडेफार संरक्षण राहते, पण विषाणूशी लढण्यासाठी शरीराने बनवलेल्या प्रतिपिंडांची पातळी खाली येत जाते तसे ते ओसरते. त्यानंतर वेगळ्या प्रकाराचा विषाणू आला, तर जुनी प्रतिपिंडे त्याला ओळखतात आणि चिकटतात, मात्र त्याला निष्प्रभ करण्याइतकी घट्ट किंवा पुरेशा संख्येने चिकटत नाहीत. प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळून नष्ट करणे हे काही पांढऱ्या पेशींचे कामच असते. त्या पेशी हा विषाणूही आत ओढून घेतात, आणि डेंगूचा विषाणू नेमका त्याच पेशींत वाढतो. जुने प्रतिपिंड अशा रीतीने चोराला घराची किल्ली देते. अधिक पेशी बाधित होतात, विषाणूंची संख्या वाढते आणि शरीराची दाहक प्रतिक्रियाही तीव्र होते.

हा केवळ तर्क नाही. क्यूबामध्ये 1977 साली पहिल्या प्रकाराची साथ आली आणि 1981 साली दुसऱ्या प्रकाराची. दुसऱ्या साथीत रक्तस्राव आणि शॉकचे रुग्ण मोठ्या संख्येने दिसले. मला त्याहून बोलका वाटतो तो तान्ह्या बाळांचा पुरावा. डेंगू होऊन गेलेल्या आईची प्रतिपिंडे बाळाकडे येतात, सुरुवातीचे महिने त्याला जपतात, आणि साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या वयात ती विरळ झाल्यावर बाळाचा पहिलाच डेंगूही गंभीर होऊ शकतो. बाळाला आधी कधीच संसर्ग झालेला नसतो. असतात ती फक्त उसनी प्रतिपिंडे.

ताईंच्या बाबतीत तापाच्या तिसऱ्या दिवशी डेंगूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी एनएस1 तपासणी पॉझिटिव्ह होती आणि आयजीजी प्रतिपिंडेही भरपूर होती. पहिल्या संसर्गात आयजीजी इतक्या लवकर वाढत नाही, त्यामुळे हा दुसरा संसर्ग असावा, असे डॉक्टरांचे मत पडले. तरीही मी त्यांना स्पष्ट सांगितले की दुसऱ्यांदा डेंगू झालेले बहुसंख्य रुग्ण नीट बरे होतात; गंभीर होण्याची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा वाढते, पण एकूणात ती थोड्याच रुग्णांच्या वाट्याला येते. तिथे लक्ष कधी द्यायचे, हे मात्र माहीत हवे.

पाचव्या दिवशी ताप उतरला आणि घरच्यांना हायसे वाटले. डेंगूमध्ये मात्र याच सुमारास, पुढच्या 24 ते 48 तासांत, रक्तवाहिन्यांतून रक्तद्रव बाहेर झिरपू शकतो. त्यांना पोटात सतत दुखू लागले, दोन-तीन उलट्या झाल्या आणि लघवी कमी झाली. प्लेटलेट 90 हजारांवरून 42 हजारांवर आल्या होत्या आणि घरच्यांची नजर त्याच आकड्यावर खिळली होती. डॉक्टरांनी मात्र हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीकडे पाहिले. तो 39 वरून 47 वर गेला होता, म्हणजे सुमारे 20 टक्के वाढ. रक्तातला द्रव भाग कमी होऊन रक्त दाट होत आहे, असा त्याचा अर्थ. त्यांना दाखल करून मोजून-मापून सलाईन दिले गेले आणि हिमॅटोक्रिट पुन्हा पुन्हा तपासला गेला, कारण झिरपणे थांबल्यावर तो द्रव रक्तात परत येतो आणि तेव्हा सलाईन जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी साठण्याची भीती असते. प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत, कारण रक्तस्राव नव्हता.

म्हणून पोटदुखी, वारंवार उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, फार ग्लानी किंवा अस्वस्थता, हातपाय गार पडणे यांपैकी काहीही ताप उतरताना दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच घ्यावे. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळावे, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

घरी परतताना ताईंनी विचारले की तिसऱ्या वेळी हे आणखी वाढेल का. तसे सहसा होत नाही. दोन प्रकारांचा सामना झाल्यावर प्रतिकारशक्तीची पकड चारही प्रकारांवर बरीच रुंदावते आणि तिसरा वा चौथा संसर्ग गंभीर होण्याचे प्रमाण दुसऱ्यापेक्षा खूपच कमी आढळते.