ग्रेडिंग मॉनिटरसाठी लॅबला पत्र कसं लिहू?

प्रश्न: डिप्लोमा फिल्मच्या ग्रेडसाठी कॉलेज लॅबचा रेफरन्स मॉनिटर हवाय, ब्रॉडकास्ट लेव्हलला सेट केलेला. पत्रात काय लिहू?

उत्तर: नुसतं ‘ब्रॉडकास्ट लेव्हल’ लिहिलंस तर प्रत्येक जण आपापला अर्थ लावेल. आकडे दे. मजकूर साधारण असा:

‘मा. लॅबप्रमुख, सप्रेम नमस्कार. माझ्या डिप्लोमा फिल्मच्या ग्रेडिंगसाठी रेफरन्स मॉनिटर सोमवार ते बुधवार मिळावा, ही विनंती. सेटिंग: Rec.709, गॅमा 2.4, व्हाइट पॉइंट D65, पूर्ण पांढऱ्याला 100 निट्स, व्हिडिओ रेंज. सिग्नल एसडीआयने येईल. शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं तेही कळवावं. आपला विद्यार्थी,’ खाली नाव, वर्ग, फोन.

यातली ‘व्हिडिओ रेंज’ गाळू नकोस, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो. या रेंजमध्ये, दहा बिटला, काळा 64 वर आणि पांढरा 940 वर असतो. मॉनिटर फुल रेंजवर राहिला तर काळे राखाडी दिसतात, तू ते दाबत बसतोस आणि मग टीव्हीवर सावल्यांतला तपशील गायब. उलट गफलत झाली तर मॉनिटरवरच सावल्या मिटतात.

मॉनिटर मिळाला की आधी एसएमपीटीई कलर बार लाव. खालच्या काळ्या भागात, काळ्याहून किंचित उजळ पट्टी जेमतेम दिसली पाहिजे. काळ्याहून गडद पट्टी अजिबात दिसता कामा नये. तीही दिसली तर रेंज किंवा ब्राइटनेस चुकलाय. ग्रेड सुरू न करता आधी लॅबवाल्या दादांना बोलाव. खोलीतली ट्यूबलाइटही बंद कर, नाहीतर 100 निट्स अंधुक वाटतात.