पाहुण्या कॉरिडॉरमध्ये पडल्या : अहवालाच्या शब्दांविषयी एक पत्र

पणजी, जुलै

प्रिय सहकारी,
सप्रेम नमस्कार.

आपल्या हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घटनेच्या अहवालाचा तुझा मसुदा काल रात्री वाचला. आधी पाहुण्यांची विचारपूस, मग प्रथमोपचार आणि त्यानंतर कागद, हा तुझा क्रम योग्य होता; म्हणून त्याविषयी काही न लिहिता मी थेट शब्दांकडे वळतो. तुझे पहिलेच वाक्य असे आहे : «खोली क्र. २१४ समोरची फरशी ओली असल्यामुळे व हाऊसकीपिंगने बोर्ड न लावल्यामुळे पाहुण्या घसरून पडल्या आणि त्यांचा हात फ्रॅक्चर झाला.» या एका वाक्यात चार निष्कर्ष आहेत आणि ते लिहिताना तुझ्यापाशी त्यांपैकी एकाचाही आधार नव्हता.

तू तिथे पोहोचण्यापूर्वीच पाहुण्या पडल्या होत्या. २१७ मध्ये बेड लावणाऱ्या रूम अटेंडंटने आवाज ऐकला आणि बाहेर येऊन पाहिले, तेव्हा त्या फरशीवर बसलेल्या होत्या. म्हणजे पडताना त्यांना कोणीही पाहिलेले नाही. त्या घसरल्या, अडखळल्या की त्यांना चक्कर आली, हे अटेंडंटला सांगता येणार नाही आणि तुलाही नाही. ते पाहुण्यांनी स्वतः सांगितले आहे, म्हणून ते त्यांच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत आले पाहिजे. त्या हिंदीत बोलल्या असतील, तर वाक्य हिंदीतच ठेव. अटेंडंट पेडण्याचा आहे, तो मराठी-कोकणी मिसळून बोलतो. त्याचे निवेदनही तो बोलला तसेच उतरवून, त्याला वाचून दाखवून, त्याची सही घे. आपला छापील फॉर्म इंग्रजीत असला, तरी मूळ निवेदन त्याला जोडता येते. तुझ्या सफाईदार भाषेत ते उतरले, तर ते त्याचे राहत नाही.

आता «मुळे» पाहा. फरशी ओली होती हे तू पाहिले आहेस, आणि पाहुण्या तिथे पडल्या हेही खरे आहे. पण या दोन गोष्टींना जोडणारा शब्द तू घातलास आणि त्या क्षणी अहवालाचा निकाल झाला. कारण शोधणे हे नंतरच्या चौकशीचे काम आहे. मेंटेनन्सची माणसे छत उघडून पाहतील तेव्हा ते कळेल. «असूनही», «तरीही», «मात्र», «साधा बोर्डसुद्धा» हे शब्दही तसेच वागतात. «बोर्ड लावलेला असूनही पाहुण्या त्या बाजूने गेल्या» या वाक्यात दोष पाहुण्यांवर जातो, तर «बोर्ड लावायचा राहून गेला» या वाक्यात तो कर्मचाऱ्यावर जातो, जरी त्यात कोणाचे नाव नसले तरी. दोन्ही प्रकारची वाक्ये टाळ.

पण दोष देऊ नये याचा अर्थ पाणी लपवावे असा मुळीच नाही, आणि या मुद्द्यावर मी फार आग्रही आहे. «फरशी किंचित दमट होती» असे लिहिणे ही सुद्धा एक बाजू घेणेच आहे. पाण्याचे वर्णन मोजून कर. आपल्या कॉरिडॉरमध्ये दोन फूट बाय दोन फुटांच्या विट्रिफाइड टाइल्स आहेत, तेव्हा पाणी किती टाइल्सवर होते, भिंतीपासून किती अंतरावर होते, वर एसीची जाळी होती का, तिच्यातून थेंब पडताना दिसला का, एवढे लिहिले की पुरते. पावसाळ्यात छत्रीचे पाणी, पूलवरून येणाऱ्यांच्या ओल्या पायांचे पाणी आणि एसीचे पाणी फरशीवर सारखेच दिसते. म्हणून थेंब पडताना दिसला नसेल, तर पाणी कुठून आले ते लिहू नकोस. पुसण्यापूर्वी फोटो घे, कारण पाणी एकदा पुसले की कोणाच्याही आठवणीवर विसंबावे लागते.

बोर्डाचेही असेच. तू पाहिलेस ते एवढेच की त्या वेळी तिथे बोर्ड नव्हता. तो लावलाच नव्हता की कोणी सरकवला, हे तुला ठाऊक नाही. शेवटची सफाई कधी झाली हे हाऊसकीपिंगच्या नोंदवहीतून घे आणि «नोंदवहीनुसार» हा शब्द सोडू नकोस.

दुखापतीबद्दल डॉक्टर जे बोलतील ते डॉक्टरांचे. तुला दिसली ती सूज आणि तू ऐकलीस ती तक्रार. पुढे तू «गुळगुळीत चपला» असे लिहिले आहेस; चपलांचा तळ तू हातात घेऊन पाहिला होतास का? पाहिला नसेल, तर चपला कशा प्रकारच्या होत्या आणि कुठे होत्या, एवढेच लिही. बारमधल्या बिलावरून पाहुण्यांविषयी अंदाज बांधणे तर अहवालात कधीही येता कामा नये.

वेळेबाबत एक बारकावा सांगतो. पडण्याची वेळ आणि तुला कळवल्याची वेळ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. सीसीटीव्हीचे घड्याळ अनेकदा रिसेप्शनच्या घड्याळाशी जुळत नाही, म्हणून दोन्हींतला फरक त्याच दिवशी तपासून लिही आणि ते फुटेज लगेच जतन करायला सांग. ठरावीक दिवसांनी जुन्या फुटेजवर नवे चढते.

हे सारे धरून तुझा परिच्छेद मी असा लिहिला असता :

«सायं. ७.४६ वाजता रूम अटेंडंटने फोनवरून कळवले. ड्यूटी मॅनेजर ७.४९ वाजता पोहोचले, तेव्हा पाहुण्या २१४ च्या दारासमोर फरशीवर बसलेल्या होत्या. पडताना पाहणारी व्यक्ती आढळली नाही. पाहुण्यांनी सांगितले, ‹पैर फिसल गया, हाथ पर गिरी.› त्यांच्यापाशी दोन टाइल्सवर पाणी होते. वर एसीची जाळी आहे, ७.४९ ते ७.५८ दरम्यान तिच्यातून पाणी पडताना दिसले नाही. कॉरिडॉरचे दिवे चालू होते. २१० ते २१८ या भागात ओल्या फरशीचा बोर्ड नव्हता. नोंदवहीनुसार शेवटची सफाई सायं. ६.३० वाजता झाली. पाहुण्यांच्या डाव्या पायात रबरी चप्पल होती, उजवी शेजारी होती. त्यांनी उजवे मनगट दुखत असल्याचे सांगितले. मनगटावर सूज दिसत होती. बर्फ देण्यात आला. १०८ रुग्णवाहिकेबद्दल विचारले असता त्यांनी नकार दिला व ८.१० वाजता त्या पतीसह स्वतःच्या गाडीने रुग्णालयात गेल्या.»

यात पाणी आहे, बोर्ड नसणे आहे, सूज आहे, आणि तरीही कोणावर बोट नाही. प्रत्येक वाक्य कोणी पाहिले, कोणी सांगितले किंवा कुठे नोंदले आहे हे विचारले, तर उत्तर देता येते. असे लिहिलेले दिसले, तरच हाऊसकीपिंगची मुले पुढच्या वेळी पाणी घाईने पुसून टाकण्याऐवजी तुला बोलावतील.

उद्या पाहुण्यांकडून एक्स-रेचा अहवाल आला, तर हा कागद बदलू नकोस. तारीख व वेळ घालून पुरवणी नोंद कर, «पाहुण्यांनी दाखवलेल्या वैद्यकीय अहवालानुसार» अशी सुरुवात कर आणि ती जोड. मूळ कागदावर शब्द चुकला असेल, तर तो वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून शेजारी सही कर. पांढरी शाई वापरू नकोस. सुधारलेला मसुदा सोमवारच्या आत माझ्याकडे पाठव, अटेंडंटचे निवेदनही सोबत असू दे.

कळावे, लोभ असावा.