हरभरा तोच, कॅलरी तीन

"मॅडम, शंभर ग्रॅम हरभऱ्याला एकीकडे 287 कॅलरी, दुसरीकडे 360, तिसरीकडे 378. मी वहीत कुठलं लिहू?"

सातपूरच्या कारखान्यात क्वालिटीत काम करणारा हा मुलगा. आठ किलो उतरवायचे होते आणि सहा आठवड्यांत काटा हलला नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या दर तीन-चार माणसांमागे एकाचं हेच दुखणं असतं, फक्त हरभऱ्याच्या जागी कधी मटकी येते, कधी बाजरी. त्याची खात्री होती की तिघांपैकी दोघं खोटं बोलताहेत.

मी म्हटलं, "खोटं कोणी बोलत नाही. तंतूंचा हिशेब वेगवेगळा आहे."

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत कार्बोदकं थेट मोजलेली नाहीत. शंभरातून पाणी, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, क्षार वगैरे वजा करायचे आणि उरेल ते कार्बोदक. तंतू वजा केले तेही जुन्या पद्धतीने मोजलेले, जेमतेम 4 ग्रॅम. मग कार्बोदकं 61 ग्रॅम निघाली, ग्रॅमला 4 कॅलरी धरल्या आणि एकूण झाल्या 360. त्याच संस्थेने 2017 साली नवे तक्ते काढले. त्यात तंतू नीट मोजले, तर ते 25 ग्रॅम भरले आणि कार्बोदकं 40 वर आली. तिथून 287. अमेरिकेच्या शेती खात्याच्या 378 मध्ये कार्बोदकांच्या आकड्यात तंतू धरलेले आहेत.

"मग 287 च खरं?"

तसंही नाही. आतड्यातले जंतू तंतूंतूनही थोडी ऊर्जा काढतात, ढोबळमानाने ग्रॅमला 2 कॅलरी. 25 ग्रॅमांचे 50 मिळवले की आकडा 287 आणि 360 यांच्या मध्येच कुठेतरी जातो. जुन्या-नव्याच्या भांडणात मी नव्याच्या बाजूची आहे, पण इतक्यावर कोणाचं वजन अडत नाही, हे मला वीस वर्षांत पक्कं कळलंय.

ते त्याला सांगून पटलं नसतं, म्हणून त्याच्याच उसळीचा हिशेब मांडला. एका वेळी तो 50 ग्रॅम कोरडा हरभरा खायचा. तीन तक्त्यांप्रमाणे कॅलरी होतात 144, 180 आणि 189. सगळा गोंधळ 45 कॅलरींचा. मग त्याची वही पाहिली, तर तिथे एका उसळीपुढे 435.

"हे कुठून आलं?"

"शिजवून वजन केलं, मॅडम. 115 ग्रॅम भरलं."

आणि ॲपमध्ये निवडला होता कच्चा हरभरा. भिजून, शिजून पाणी शोषल्याने वजन सव्वादोन पटीच्या वर जातं. ते पाणी तो हरभऱ्याच्या भावाने लिहीत होता. शिजवलेल्या हरभऱ्याचा अमेरिकी आकडा शंभर ग्रॅमला 164 च आहे.

इथे तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पण मग मी जास्तच लिहीत होतो. काटा खाली यायला हवा होता."

या वाक्यासाठी मी थांबले होते. मी विचारलं, "तेल किती लिहितोस?"

"आख्ख्या उसळीला एक चमचा."

"आई बाटली तोलून ओततात का?"

पुढच्या आठवड्यात त्याने फोडणीच्या आधी आणि नंतर बाटली तोलली. 40 ग्रॅमांचा फरक. घरात माणसं चार, म्हणजे वाट्याला 10 ग्रॅम तेल, 90 कॅलरी. आणि ते एकाच भाजीतलं. पोळीवरचं, आमटीतलं वेगळंच. तीन तक्त्यांतली सगळी तफावत मिळूनसुद्धा याच्या निम्मीच होती.

तो हसून म्हणाला, "आम्ही एकच जॉब दोन व्हर्नियरनी मोजत नाही. झिरो एरर असेल तरी चालते, ती माहीत पाहिजे आणि व्हर्नियर तोच पाहिजे." मला जे सांगायला तीन बैठका लागतात ते त्याने एका दमात सांगितलं. तेव्हापासून हे उदाहरण मी बिनदिक्कत वापरते.

आता कोणता तक्ता धरायचा ते सांगते. आपल्या धान्य-कडधान्य-भाज्यांना 2017 चे तक्ते धरा आणि जिन्नस कच्चा, कोरडाच तोला. एक सावधगिरी: त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. हरभऱ्यापुढे 1201 दिसलं की घाबरू नका, 4.184 ने भागा. पाकिटातल्या वस्तूला पाकिटावरचा आकडा. शिजवलेलंच तोलायचं असेल तर अमेरिकी तक्त्यातली शिजवलेल्याची नोंद. आणि ॲपमध्ये कोणीतरी भरलेली "मिसळ, एक प्लेट" ही नोंद सोडून द्या. नाशकात दोन दुकानांची तर्री सारखी नसते, तिथे एका प्लेटीचा आकडा कसा असेल? नोंद तपासायची तर प्रथिनं आणि कार्बोदकं 4 ने, स्निग्ध 9 ने गुणून बेरीज करा. तंतूंमुळे थोडी चुकेल, पण शे-दीडशेचा फरक आला तर ती नोंद कामाची नाही.

दोन महिन्यांनी तो आला तेव्हा साडेतीन किलो उतरले होते. वहीत हरभऱ्यापुढे 287 च्या भावाने 144 लिहिलेलं. खाली वेगळ्या अक्षरात बाटलीची दोन वजनं.

"हे कोणाचं?"

"आईचं. आता ती मला बाटलीला हातसुद्धा लावू देत नाही."